लिव्हर कापायच्या आधीचा हिशोब: या चुका टाळा

लिव्हरचं मॉडेल हातात घेतलं की समोर फॅल्सिफॉर्म लिगामेंट दिसतं, आणि आपण त्याच्या या बाजूला डावं त्या बाजूला उजवं असं पक्कं करून टाकतो. पहिली चूक इथेच. खरी सीमा पित्ताशयाच्या खाचेपासून मागे व्हेना काव्हापर्यंत जाते, तिला कँटली लाइन म्हणतात, मिडल हिपॅटिक व्हेन तिथूनच जाते. त्यामुळे लिव्हरच्या आठ भागांपैकी, म्हणजे सेगमेंटपैकी, सेगमेंट ४ दिसायला उजवीकडे, पण रक्त घेतो डाव्या फांदीकडून. २, ३, ४ डावे, ५ ते ८ उजवे, आणि मागे लपलेला १ दोन्हीकडून घेतो.

दुसरी चूक, "धमनी म्हणजे मेन सप्लाय" असं धरून चालणं. लिव्हरला जवळपास ७५ टक्के रक्त आतड्याकडून येणारी पोर्टल व्हेन देते, हिपॅटिक आर्टरी फक्त २५ च्या आसपास, पण ऑक्सिजन साधारण निम्मा निम्मा. दोन लाइन आहेत म्हणूनच एक बंद करून दुसरीवर काम भागवता येतं. (पित्तनळ्या मात्र जवळजवळ धमनीवरच जगतात, हे विसरू नका.)

तिसरी चूक जास्त महागात पडते म्हणून उदाहरणच घेऊ. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी उजव्या लिव्हरमधे आणि सेगमेंट ४ मधेही, म्हणजे ४ ते ८ काढायचे, उरणार १, २, ३. सीटीवर लिव्हर १५०० मिली, त्यात गाठी २०० मिली. गाठी काही काम करत नाहीत, त्या वजा केल्या की १३००. उरणारा भाग २६० मिली, म्हणजे २० टक्के. निरोगी लिव्हरला साधारण २० ते २५ टक्के चालतात म्हणून लगेच ऑपरेशनला हो म्हणू नका, या पेशंटची बरेच महिने केमो झालीय, तिथे ३० तरी हवेत, सिऱ्हॉसिस असेल तर ४०.

मग पोर्टल व्हेनची उजवी फांदी आतून बंद करतात, एम्बोलायझेशन. उजवी बाजू धमनीवर जिवंत राहते, सडत नाही, आणि पोर्टलचं सगळं रक्त डावीकडे वळल्यामुळे तो भाग वाढायला लागतो. चारेक आठवड्यांनी परत सीटी, समजा ४०० मिली झालं, म्हणजे ३१ टक्के, आता पुढे जाता येतं.

ऑपरेशनमधे प्रिंगल क्लॅम्प लावला, म्हणजे धमनी आणि पोर्टल दोन्ही एकत्र दाबल्या, तरी रक्त थांबत नसेल तर क्लॅम्पच करकचून आवळत बसू नका. काळसर रक्त असेल तर ते हिपॅटिक व्हेनमधून उलटं येतंय, क्लॅम्पचा तिच्याशी संबंधच नाही. लालभडक असेल तर डाव्या गॅस्ट्रिक आर्टरीतून वेगळी निघालेली डावी धमनी शोधा, ती क्लॅम्पच्या बाहेरून जाते आणि आधीच्या सीटीत बहुतेक वेळा दिसलेली असते.