चार प्रश्नांना एक ‘हो’: पत्रिका छापताना या चुका टाळा

लग्नसराईत माझ्याकडे डीटीपीचं काम असतं. प्रूफ पाठवायचं, दुरुस्त्या घ्यायच्या, मंजुरी आली की फाइल प्रेसला द्यायची. जुळणीतल्या चुका सापडतात. डोकं उठतं ते मंजुरीच्या मेसेजमुळे. लोक त्यात नुसतं ‘हो’ लिहितात आणि मोकळे होतात.

एका प्रेसवाल्याने ग्राहकाला एकाच मेसेजमध्ये विचारलं होतं: ‘प्रूफ बघितलं का? आजोबांच्या नावाआधी श्री. ठेवू की कै.? मुहूर्त 12.35 ना? 400 छापायला घेऊ?’ उत्तर आलं, ‘हो’. प्रेसवाल्याने त्याचा अर्थ लावला की प्रूफ आहे तसं मंजूर. प्रूफमध्ये आधीच्या एका पत्रिकेची फाइल उघडून नावं बदललेली होती आणि त्या घरातलं ‘कै.’ तसंच राहिलं होतं. त्याला शंका आली म्हणून तर त्याने विचारलं! पण ‘हो’ आल्यावर शंका मिटली, म्हणजे मिटली असं त्याने धरलं. नवऱ्या मुलाचे हयात, खणखणीत आजोबा 400 पत्रिकांवर कैलासवासी झाले. पहिला गठ्ठा घरी गेला आणि तो उघडला खुद्द आजोबांनीच.

आता पैशाचं बघा. प्लेट नवी काढणं ही त्यातली लहान बाब. कार्डं रेडिमेड होती, म्हणजे होलसेलवाल्याकडून आणलेली कोरी, वर डिझाइन आधीच छापलेलं. त्यावर एकदा मजकूर चढला की कार्ड वाया. पुन्हा घ्यायला गेले तर ते डिझाइन संपलेलं. ‘आम्ही हो म्हणालो ते छापायला’ असं ग्राहक म्हणे, ‘छापायलाच तर घेतलं’ असं प्रेसवाला. दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटेना.

ग्राहकाने नेमकं काय वाचलं होतं ते मेसेजच्या वेळेवरून कळत होतं. प्रश्न आणि ‘हो’ एकाच मिनिटातले. त्या वेळात पीडीएफ उघडून, मोठी करून, नावं वाचून होत नाहीत. असा झटपट ‘हो’ बहुतेक वेळा शेवटच्या ओळीला असतो, कारण मोबाइलवर तीच डोळ्यासमोर असते. शिवाय ‘श्री. की कै.?’ याला ‘हो’ हे उत्तर असूच शकत नाही. उत्तर प्रश्नात बसत नसेल तर ते त्या प्रश्नाचं नाही, इतकं सरळ आहे.

माझी सवय म्हणाल तर ‘छापू का?’ हा प्रश्न मी बाकीच्या प्रश्नांच्या पंगतीत बसवतच नाही. आधी फक्त शंका विचारतो आणि त्याही ‘हो’ने भागणार नाही अशा: ‘आजोबांच्या नावाआधी काय लिहू? मुहूर्त किती वाजता? नग किती?’ उत्तरं आली की ती माझ्या शब्दांत परत पाठवतो, ‘श्री., दुपारी 12.35, 400 नग’, आणि मग वेगळ्या मेसेजमध्ये छपाईचं विचारतो. त्या एकट्या प्रश्नाला आलेला ‘हो’ मला चालतो. नवीन पोरं म्हणतात, ‘इतक्या वेळा विचारलं तर गिऱ्हाईक वैतागतं.’ वैतागू दे. फोनवर वैतागलेलं गिऱ्हाईक परवडतं, काउंटरवर गठ्ठा आपटणारं नाही.

‘ना’ लावून विचारणं बंद करा. ‘मामांचं नाव घालायचं नाही ना?’ याला ‘हो’ आलं तर घालायचं की नाही, देव जाणे.

अंगठा म्हणजे ‘मेसेज मिळाला’. मंजुरी नव्हे.

मेसेज एकमेकांना ओलांडतात, तेही बघा. तुम्ही ‘400 ना?’ विचारता, तो ‘हो’ टाइप करत असतो, तेवढ्यात तुमचा ‘की 500 करू?’ जातो आणि त्याचा ‘हो’ त्याच्याखाली येऊन पडतो. ज्या मेसेजचं उत्तर असेल तोच मेसेज पकडून रिप्लाय द्यायला ग्राहकाला सांगा. पण ज्या मेसेजला पकडलं त्यातच चार प्रश्न असतील तर उपयोग शून्य. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. पण ज्यावर ‘हो’ आलंय तो मेसेज बदलू नका, दुरुस्ती नव्या मेसेजमध्ये पाठवा. नाहीतर त्याने कशाला होकार दिला होता याचा पुरावाच राहत नाही.

ग्राहकांना एकच सांगणं: प्रूफ घरातल्या वडीलधाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि उत्तरात ‘हो’ऐवजी नाव, वेळ, नग लिहा. त्या पत्रिका शेवटी दुसऱ्या डिझाइनवर पुन्हा छापल्या, खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला. आजोबांनी मात्र चुकीची एक पत्रिका हट्टाने ठेवून घेतली आणि लग्नात येईल त्याला दाखवत होते.