रविवारच्या शर्यतीआधीची तयारी: टायरची झीज, ट्रॅकवरची गर्दी आणि पिट स्टॉपचा लॅप

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत बहुतेक ठिकाणी तिथल्या दुपारी तीनला सुटते, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात आपल्याकडे बहुधा संध्याकाळी साडेसहाला. नेरुळला चौघांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि संघाने टायर बदलायला गाडी आत, म्हणजे पिटमध्ये, बोलावण्याआधी ती कोणत्या लॅपला, म्हणजे कोणत्या फेरीला, आत यावी याचा आपला अंदाज कागदावर लिहून मोकळं व्हायचं, असं ठरलं असेल तर तयारी शनिवारीच सुरू करावी लागते. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असला तर तो संपल्यावरही गाड्या वेळेवर यायला बराच वेळ जातो. ठाण्याहून किंवा पनवेलहून येणाऱ्याने साडेपाचला पोहोचायचंच असं धरून निघावं. पहिल्या पाच लॅपांत आकडे भरायला माणूस नसेल तर पुढचा सगळा तक्ता लंगडा होतो.

सर्वात आधी शनिवारी जुन्या शर्यतीवर हात साफ करून घ्या. त्यासाठी 2019 ची हंगेरीची शर्यत उत्तम. 70 लॅपांची शर्यत, व्हेरस्टॅपेन पुढे, हॅमिल्टन मागे. व्हेरस्टॅपेन 25व्या लॅपला आत आला, हॅमिल्टन 31व्याला, दोघांनीही हार्ड, म्हणजे हळू झिजणारे पण थोडे संथ टायर घेतले. मग 48व्या लॅपला मर्सिडीजने हॅमिल्टनला पुन्हा आत बोलावलं आणि मीडियम चढवले. तो सुमारे वीस सेकंद मागे पडला आणि 67व्या लॅपला पुढे निघून गेला. निकाल माहीत असूनही ही शर्यत सोडवून बघायची, कारण 48वाच लॅप का, याचं उत्तर नुसत्या झिजेत सापडत नाही. लॅप टाइम घरबसल्या मिळतात. ज्याच्या लॅपटॉपवर पायथन आहे त्याने आधी `pip install fastf1` करावं आणि मग एवढंच चालवावं:

```
import fastf1
s = fastf1.get_session(2019, 'Hungary', 'R')
s.load()
h = s.laps.pick_drivers('HAM')
print(h[['LapNumber', 'LapTime', 'Compound', 'TyreLife']].to_string())
```

यातून आलेले आकडे तक्त्यात उतरवताना वेळ नुसत्या सेकंदांत लिहा, मिनिट-सेकंदांत नको, नाहीतर सूत्र चालत नाही. बी रकान्यात टायर किती लॅप जुना, सी रकान्यात लॅप टाइम. पिटमध्ये शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा लॅप काढून टाका. पिवळा झेंडा होता तो लॅपही काढा. समोर दुसरी गाडी अगदी जवळ होती असे लॅपही काढा, कारण तिथला वेळ समोरच्या गाडीचा असतो, आपल्या टायरचा नव्हे. उरलेल्या दहाएक स्वच्छ लॅपांवर `=SLOPE(C2:C11,B2:B11)` लावलं की दर लॅपमागे वेळ किती वाढतोय ते कळतं.

इथेच नवखा माणूस हमखास चुकतो. हार्ड टायरचा हा आकडा बहुतेक वेळा शून्याच्या आसपास येतो आणि टायर झिजतच नाहीये असं वाटतं. प्रत्यक्षात गाडी दर लॅपला इंधन जाळून हलकी होत असते. 2019 साली शर्यतीसाठी 110 किलोपर्यंत इंधनाची मुभा होती. सत्तर लॅपांत वाटलं तर लॅपमागे दीड किलोच्या आसपास. दहा किलो वजन उतरलं की लॅप साधारण तीन दशांश सेकंदाने जलद होतो, असं ढोबळ धरतात. म्हणजे इंधनापोटी दर लॅपला जवळपास 0.05 सेकंदाचा फायदा आपोआप मिळतो. तक्ता 0.01 दाखवत असेल तर टायरची खरी घट 0.06 आहे. ही बेरीज रविवारी घाईत करायची नाही. इंधनाचा रकाना आधीच घालून ठेवा.

आता आकडे मांडू. समजा हार्डची घट लॅपमागे 0.06, मीडियमची 0.08, आणि नवा मीडियम नव्या हार्डपेक्षा 0.3 सेकंदाने जलद. पिटमध्ये जाण्याचा एकूण खर्च 20 सेकंद. हे आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, त्या दिवशीची मोजमापं नव्हेत. 48व्या लॅपला हॅमिल्टनचे हार्ड 17 लॅप जुने होते. 17 गुणिले 0.06 म्हणजे 1.02 सेकंद, त्यात मीडियमचे 0.3 मिळवले की 1.32. मीडियम थोडा लवकर झिजतो म्हणून हा फरक दर लॅपला 0.02 ने कमी होत जातो. उरलेल्या 22 लॅपांची बेरीज जवळपास 24 सेकंद येते. 20 खर्च, 24 कमाई, म्हणजे थांबणं परवडतं. 20 सेकंद भरून निघायला मात्र अठरा लॅप लागतात. प्रतिस्पर्ध्याची ओळ वेगळी ठेवा: व्हेरस्टॅपेनचे टायर आणखी सहा लॅप जुने होते, म्हणजे याच हिशेबाने त्याच्याविरुद्ध लॅपमागे 0.36 सेकंद जास्त मिळायला हवेत. पहिली ओळ थांबणं फायद्याचं आहे का ते सांगते, दुसरी गाठ पडेल का ते.

हीच बेरीज आणखी तीन लॅपांसाठी करून बघा, कारण सगळं मर्म तिथे आहे. 44व्या लॅपला थांबलं तर कमाई 21, 52व्याला 24.7, 56व्याला 23. म्हणजे 48 ते 56 या नऊ लॅपांत कुठेही थांबा, फरक दीड-पावणेदोन सेकंदांचा. टायरची झीज आपल्याला एक लॅप देत नाही, ती एक पट्टा देते. त्या पट्ट्यातला नेमका लॅप ट्रॅकवरची गर्दी ठरवते, कारण एखाद्या संथ गाडीमागे दोन लॅप अडकलं तरी दीड सेकंद सहज जातो. झिजेचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत घासत बसणारे आणि मागच्या गाड्यांकडे न बघणारे तक्ते खूप दिसतात. आमच्या मते मेहनत उलट्या प्रमाणात हवी.

म्हणून चौघांपैकी एकाला फक्त गर्दीचं काम द्या, दुसरं काहीही नाही. त्याने दर लॅपला आपल्या गाडीच्या मागे 16 ते 26 सेकंदांवर कोण आहे ते लिहायचं. पिटचा खर्च 20 असेल तर आपण बाहेर पडू ते याच टोळक्यात. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: त्याच्या टायरचं वय, त्याचा सध्याचा लॅप टाइम, आणि त्याचा थांबा अजून बाकी आहे का. थांबा बाकी असलेली गाडी एक-दोन लॅपांत स्वतःच बाजूला होते, तिला घाबरायचं कारण नाही. थांबून आलेली, आपल्याइतकेच ताजे टायर असलेली गाडी समोर आली तर ती वाट देत नाही. हंगेरीच्या हंगारोरिंगसारख्या वळणावळणाच्या ट्रॅकवर तर सेकंदाहून जास्त वेगवान असल्याशिवाय ओव्हरटेक होणं कठीण. शिवाय समोरच्या गाडीने ढवळलेल्या हवेत पकड कमी होते, गाडी घसरते, टायर तापतात, आणि नव्या टायरचे सगळ्यात चांगले लॅप तिथेच जळून जातात. ज्या लॅपला आपल्या मागे 17 ते 23 सेकंदांची जागा मोकळी दिसते तो लॅप लाल पेनाने घेरा.

हंगेरीत त्या दिवशी ही जागा नुसती मोकळी नव्हती, मैदानच रिकामं होतं. फेरारी इतक्या मागे होत्या की तिसरा आलेला फेटल विजेत्यापेक्षा मिनिटभराहून मागे राहिला. हॅमिल्टनला थांबून एकही जागा गमवायची नव्हती. राहता राहिला व्हेरस्टॅपेन. हॅमिल्टन त्याच्या अगदी मागे असताना आत गेला. पुढच्याच लॅपला व्हेरस्टॅपेन आत आला असता तर तोवर ताज्या टायरवरचा हॅमिल्टन पुढे गेला असता, म्हणजे अंडरकट झाला असता. बाहेर राहिला तर टायर संपत जाणार होते. व्हेरस्टॅपेनच्या रेड बुल संघाने पुढचं स्थान धरून ठेवलं आणि शेवटच्या लॅपांत टायरने दगा दिला. मर्सिडीजचा निर्णय मात्र काठावरचा होता. आपल्या सरावाच्या आकड्यांत शिल्लक चारच सेकंदांची आहे. लॅप झालेल्या, म्हणजे पूर्ण फेरीने मागे पडलेल्या गाड्यांनी वाट द्या सांगणाऱ्या निळ्या झेंड्याला उशिरा दाद दिली असती तर ती शिल्लक वाटेतच संपली असती.

पिटचा खर्च कुठून आणायचा? त्याच ट्रॅकच्या मागच्या शर्यतीतून. आत येतानाचा आणि बाहेर पडतानाचा लॅप यांची बेरीज करा आणि त्यातून दोन नेहमीचे लॅप वजा करा. चार-पाच गाड्यांचे आकडे काढून मधला घ्या. उभं राहण्याचा वेळ त्यात अडीच सेकंदांच्या आसपासच असतो, बाकी सगळा पिट लेनमधल्या वेगमर्यादेचा खर्च. ती बहुतेक ठिकाणी ताशी 80 किलोमीटर असते. एखाद्या गाडीचं चाक अडकलेलं असेल तर तिचा आकडा टाकून द्या.

शुक्रवारच्या सरावातल्या लांब पल्ल्याच्या लॅपांवरून रविवारची घट काढणार असाल तर दोन शंका कायम मनात ठेवा. संघांनी किती इंधन भरलं होतं ते आपल्याला कळत नाही, म्हणून दोन संघांची थेट तुलना करू नका. एकाच गाडीच्या दोन टायरांची तुलना जास्त भरवशाची. दुसरी शंका ग्रेनिंगची: टायरच्या पृष्ठभागावर रबराचे बारीक गोळे जमतात, वेळ पाच-सहा लॅप बिघडतो आणि गोळे घासून निघाल्यावर बऱ्याचदा परत सुधारतो. त्या मधल्या लॅपांवर सूत्र लावलं तर घट दुप्पट दिसते आणि गाडी उगाच लवकर आत बोलावली जाते. वेळ वाढून पुन्हा खाली आला का, हे सूत्र लावण्याआधी नुसत्या डोळ्यांनी बघा. उलट, सलग दोन लॅप अर्ध्या सेकंदाहून जास्त बिघडले आणि समोर गाडीही नसेल, तर सरळ रेषेचा हिशेब संपला. मग पट्टा वगैरे विसरायचं आणि थांबा लगेच लिहायचा.

शर्यत सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात टीव्हीचं चित्र आणि मोबाइलवरचं लाइव्ह टायमिंग यांतला फरक मोजा. टायमिंगवर लॅपचा आकडा बदलल्यापासून चित्रात तीच गाडी रेषा ओलांडेपर्यंत किती सेकंद जातात ते सुरुवातीच्या लॅपांत पुन्हा तपासून कागदावर लिहा. निर्णय टायमिंगवरून घ्यायचा, चित्र पडताळणीपुरतं. हंगेरीची शर्यत ऐन पावसाळ्यात येते, तेव्हा राउटर यूपीएसवर लावा आणि एका फोनचा डेटा हाताशी ठेवा. पाच मिनिटांसाठी वीज गेली तर तीन-चार लॅपांची गर्दीची नोंद जाते आणि लाल घेरा कुठे घालायचा तेच कळत नाही.

शेवटी तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात पिटच्या खर्चाचा दुसरा आकडा लिहून ठेवा, सेफ्टी कारचा, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी ट्रॅकवर असतानाचा. ट्रॅकवरच्या गाड्या हळू झाल्या की पिट लेनमध्ये जाणारे सेकंद तेवढेच राहतात, पण तेवढ्या वेळात बाकीचे कमी अंतर कापतात, म्हणून खर्च साधारण निम्म्यावर येतो. 20 च्या जागी 10 घालून 40 ते 60 या लॅपांची बेरीज आधीच करून ठेवा. सेफ्टी कार आल्यावर आपली गाडी पिटच्या तोंडाशी असेल तर विचाराला दहा-पंधरा सेकंदच मिळतात, आणि तोंड मागे टाकलेलं असेल तर पूर्ण एक लॅप थांबावं लागतं. त्यामुळे गर्दी लिहिणाऱ्यानेच गाडी पिटच्या तोंडाआधी आहे की नंतर, हे मोठ्याने सांगायचं.