पहिल्या व्हिडिओ कॉलवर क्लायंटला ओळख कशी द्यावी: सेवा दोन, दाखला एक

नव्या क्लायंटबरोबरचा पहिला कॉल साधारण अर्ध्या तासाचा ठरवतात. पहिली काही मिनिटं "आवाज येतोय का?" यात जातात आणि मग समोरून येतं, "बरं, तुमच्याबद्दल थोडं सांगा." इथे सव्वा मिनिट बोलावं आणि थांबावं. तेवढ्या वेळात चार गोष्टी नीट बसतात: नाव आणि काम एका वाक्यात, या क्लायंटच्या उपयोगाच्या दोन सेवा, आधीच्या एका कामाचा मोजता येणारा दाखला, आणि शेवटी त्यांना एक प्रश्न.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरू. ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइटचा वेग वाढवून देणारी एक फ्रीलान्सर आहे. क्लायंट सांगलीकडच्या, लोणची आणि मसाले विकणाऱ्या एक मॅडम. त्यांनी ईमेलमध्ये लिहिलंय: "जाहिरातीवर क्लिक करून लोक येतात, पण मोबाइलवर साइट उघडायला वेळ लागतो म्हणून परत जातात."

पायरी 1: आदल्या दिवशी वीस मिनिटं

ईमेलमधलं अडचणीचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घ्या. मॅडम "साइट उघडायला वेळ लागतो" म्हणत असतील तर कॉलवर तेच शब्द वापरायचे, तांत्रिक नाव नाही. मग ती साइट स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, खाजगी विंडोत उघडा. नेहमीच्या विंडोत आधी पाहिलेले फोटो फोनमध्ये साठलेले असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा साइट खऱ्यापेक्षा वेगाने उघडते आणि आपली फसगत होते. मुख्य पान आणि एखाद्या उत्पादनाचं पान, एवढीच दोन पानं बघा. कुठलं अडतं ते लिहून ठेवा. शेवटचा प्रश्न यातूनच निघणार आहे.

पायरी 2: दाखला निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण बहुतेक जण आपलं सगळ्यात मोठं काम सांगतात. क्लायंटला मात्र आपल्यासारखं काम ऐकायचं असतं. मोठ्या रुग्णालयाची साइट बांधल्याचा दाखला लोणचं विकणाऱ्या मॅडमना दबवेल, पण त्यांच्या अडचणीबद्दल त्यातून काहीच कळणार नाही. अडचण तीच हवी, धंद्याचा आकार साधारण तेवढाच हवा आणि काम तुम्ही स्वतः केलेलं हवं. तिघांच्या टीममध्ये केलं असेल तर आपला वाटा तेवढाच सांगा. "मी" आणि "आम्ही" यांची सरमिसळ झाली की पुढच्या दोन प्रश्नांत ती उघडी पडते.

आपल्या उदाहरणात फ्रीलान्सरकडे साड्या विकणाऱ्या एका दुकानाचं काम आहे. कॅमेऱ्यातून आलेले तीन-चार एमबीचे फोटो तसेच चढवलेले होते आणि कुणीही न वापरलेली चार प्लगिन चालू होती. मुख्य फोटो दीडशे केबीच्या आत आणला, प्लगिन काढली. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग दिसायला 7.2 सेकंद लागायचे, ते 2.3 वर आले. गुगल अडीच सेकंदांपर्यंतची वेळ चांगली आणि चार सेकंदांच्या पुढची वाईट धरतं.

इथे एक मोह आवरावा लागतो. काम संपल्यावर आठवड्याभरात नवरात्र आलं आणि साड्यांची विक्री वाढली, असं समजा. "माझ्या कामाने विक्री वाढली" हे वाक्य तोंडावर येतं, पण विक्री सणाने वाढली की वेगाने, हे वेगळं काढता येत नाही. क्लायंट व्यापारी आहेत, सणाचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्यांनी "कुठल्या महिन्यात?" एवढं विचारलं की दाखला कोसळतो. जे आपल्या हाताने बदललं तेच सांगा, म्हणजे सेकंद.

जुन्या क्लायंटचं नाव घ्यायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "चालेल" पुरतं, पण ते जपून ठेवा. गोपनीयतेचा करार असेल तर नाव तर नाहीच, ओळख पटेल असा तपशीलही नको. "येवल्याच्या पैठणीवाल्यांचं काम" म्हटलं की त्या धंद्यातला माणूस चार नावांवर येतो. "साड्यांचं एक दुकान" पुरेसं आहे.

पायरी 3: दाखल्याला आकार देणं

दाखल्यात आधी किती होतं, काय केलं, नंतर किती झालं आणि ते कशावर मोजलं, एवढं आलं पाहिजे. नुसती टक्केवारी टाळा. "वेग 68 टक्क्यांनी सुधारला" हे ऐकून डोळ्यांसमोर काही येत नाही, "7.2 सेकंदांचे 2.3 झाले" म्हटलं की येतं.

मोजमापाचा उगम कुणी विचारला तर उत्तर तयार हवं. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या साधनात दोन वेगळे आकडे दिसतात. एक खऱ्या भेट देणाऱ्यांचा, मागच्या 28 दिवसांचा. त्यात "2.3 सेकंद" याचा अर्थ चारपैकी तीन भेटींत पान तेवढ्या वेळात किंवा त्याआधी दिसलं. दुसरा आकडा त्याच क्षणी घेतलेल्या चाचणीचा. लहान दुकानाला पुरेशी वर्दळ नसली तर पहिला आकडा मिळतच नाही. मग चाचणी पाच वेळा घ्या, मधला आकडा धरा आणि "चाचणीतला" असं म्हणून सांगा. दोन वेगळ्या प्रकारचे आकडे आधी आणि नंतर म्हणून जोडू नका. नवख्यांकडून ही चूक फार होते आणि जाणकाराला लगेच दिसते. आणखी एक: काम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 28 दिवसांचा आकडा फारसा हलत नाही, कारण त्यात जुने दिवस असतात. महिनाभर थांबून घेतलेला आकडाच सांगण्याजोगा.

अजून एकही पैसे घेऊन केलेलं काम नसेल तर स्वतःच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या साइटवर केलेलं काम सांगता येतं. मात्र "हे मी मामांच्या दुकानाच्या साइटवर विनामूल्य केलं" असं पहिल्याच वाक्यात सांगा. आकडा खरा असला की तो ऐकला जातो.

पायरी 4: दोन सेवा, आणि एक "नाही"

होस्टिंग, लोगो, एसइओ, सोशल मीडिया अशी यादी वाचली की क्लायंटला त्यातलं काहीच आठवत नाही. त्यांच्या ईमेलमधल्या वाक्याला उत्तर देणाऱ्या दोनच सेवा सांगा आणि प्रत्येकीतून त्यांच्या हातात काय पडेल ते सांगा: अहवाल, दुरुस्त केलेली साइट, शिकवणीचा एक तास, जे असेल ते. सोबत, तुम्ही न करणारी पण ते गृहीत धरतील अशी एक गोष्ट स्पष्ट करा. वेगाचं काम करणाऱ्याने जाहिरातीही बघाव्यात असं पुष्कळांना वाटतं. तो गैरसमज तिसऱ्या आठवड्यात भांडण होऊन उगवण्यापेक्षा आत्ताच निघालेला बरा.

पायरी 5: लिहा, मोठ्याने म्हणा, घड्याळ लावा

सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे मजकूर सव्वाशे-दीडशे शब्दांच्या आत हवा. आपल्या उदाहरणातली ओळख अशी:

"नमस्कार मॅडम. मी (नाव), पुण्यातून फ्रीलान्स काम करते. ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट मोबाइलवर लवकर उघडाव्यात, यासाठी मी काम करते. तुमच्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी उपयोगाच्या वाटतात. एक, साइट नेमकी कुठे अडते ते तपासून लेखी अहवाल देणं. दुसरी, त्यातल्या दुरुस्त्या स्वतः करून देणं. जाहिराती मात्र मी चालवत नाही.

तुमच्यासारखंच एक काम सांगते. साड्यांच्या एका दुकानाचं पान मोबाइलवर दिसायला 7.2 सेकंद लागायचे. फोटो फार मोठे होते आणि न वापरलेली प्लगिन चालू होती. ते सगळं नीट करायला नऊ दिवस लागले. महिन्याभराने गुगलच्या अहवालात हीच वेळ 2.3 सेकंद झाली होती.

काल तुमची साइट मी मोबाइल डेटावर उघडून पाहिली. मुख्य पान ठीक उघडतं, लोणच्याचं पान अडतं. जाहिरातीवरून लोक थेट त्याच पानावर येतात का?"

हे शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं मध्येच तुटलं की पुन्हा जोडता येत नाही. दोन आकडे, दोन सेवा आणि शेवटचा प्रश्न, एवढं मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातून वाचलं तर नजर सतत खाली घसरते आणि समोरच्याला ते लगेच कळतं. फोनवर तीनदा रेकॉर्ड करून ऐका. दीड मिनिटाच्या पुढे जात असेल तर सेवांमधलं काढा, दाखल्यातलं नको.

पायरी 6: कॉल सुरू झाल्यावर

स्क्रीनवर दिसणारं नाव आधी तपासा. फोनवरून जोडलं की तिथे कधीकधी फोनच्या मॉडेलचं नाव झळकतं. तिथे स्वतःचं पूर्ण नाव हवं. खिडकी पाठीमागे नको, समोर. क्लायंटनी ईमेल इंग्रजीत लिहिला असला तरी नमस्कार मराठीत आला तर पुढचं मराठीतच बोला. म्हणून ओळख दोन्ही भाषांत म्हणून ठेवलेली बरी. ओळख देताना स्क्रीन शेअर करू नका. चेहरा कोपऱ्यात जातो आणि त्या आकड्यांऐवजी स्लाइड वाचली जाते. आलेख त्यांनी मागितला तरच दाखवा.

प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. नेटमुळे आवाज पोचायला उशीर होतो. शांतता घाबरवते म्हणून आपण पुन्हा बोलू लागतो आणि दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात.

मग येणारं पहिलं वाक्य नीट ऐका. "हो ना, आमच्याकडेही फोटो मोठेच आहेत" असं आलं तर दाखला बरोबर बसला. आता त्यांना बोलू द्या आणि लिहून घ्या. "म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" असं आलं तर सेवा धूसर राहिल्या; दाखला पुन्हा न सांगता दोन सेवा सोप्या शब्दांत सांगा. "यात तुम्ही स्वतः काय केलं?" हा प्रश्न आला तर आपला वाटा स्पष्ट झाला नव्हता, त्याचं थेट उत्तर द्या. आणि लगेच "किती घेता?" आलं तर टाळाटाळ नको. अहवालाची ठरलेली रक्कम सांगा, आणि दुरुस्तीचा आकडा अहवालानंतर देता येईल हे कारणासह सांगा: कुठल्या पानात किती काम आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर लोणच्याच्या पानाचा तोच प्रश्न पुन्हा विचारा.