आईचं सोनं वाटताना या चुका टाळा

सांगलीच्या सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीत मी तीस वर्षं हिशेब लिहिला. आई गेल्यावर डबा घेऊन आलेली भावंडं या काळात शेकड्यानं पाहिली. त्यातली बरीचशी आनंदानं वाटणी करून गेली आणि काही वर्षांनी एकेकटी, वेगवेगळ्या दुकानांत, रडत परत आली. भांडणाचं कारण हावरटपणा असतो असं लोक म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांचं कारण साधा वजनकाटा होता.

काट्यावरचं वजन म्हणजे सोनं नव्हे

तासगावकडचं एक घर. दोन भाऊ, मधली बहीण, वडील आधीच गेलेले. आईच्या डब्यात मोठे डाग तीनच होते: भरीव पाटल्यांची जोडी, मोहनमाळ आणि बोरमाळ. घरातल्या कुणीतरी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिन्ही ठेवून पाहिले, तर प्रत्येक डाग ४० ग्रॅमच्या आसपास भरला. सगळ्यांना वाटलं, आईनंच जणू वाटणी करून ठेवली आहे. थोरल्यानं पाटल्या घेतल्या, धाकट्यानं मोहनमाळ, आणि "बोरमाळ ताईला शोभते" म्हणून ती बहिणीला दिली. पंधरा मिनिटांत काम संपलं.

सहा वर्षांनी बहीण लेकीच्या लग्नासाठी ती बोरमाळ मोडायला आमच्याकडे आली. मणी तापवून आतली लाख काढली, दोरा बाजूला केला, तर ४० ग्रॅममधलं सोनं निघालं २३ ग्रॅम. त्याचा टंच, म्हणजे शंभरातली शुद्धता, ८३.५; म्हणून चोख सोनं १९.२ ग्रॅम. बाई काउंटरसमोरच खाली बसल्या. "काका, माझ्या भावांनी मला ठरवून हलका डाग काढून दिला." मी कितीही समजावलं तरी त्यांना ते पटेना. भावांना याची गंधवार्ताही नव्हती, हे मला पुढे स्पष्ट दिसलं. पण तोवर राखीपौर्णिमा बंद पडली होती.

बोरमाळेचा मणी पोकळ असतो. पातळ पत्र्याची वाटी करून डाक, म्हणजे सांधायचा धातू, लावून तो जोडतात आणि चेपू नये म्हणून आत लाख भरतात. वज्रटिकेतही लाख असते. ठुशी, पुतळ्यांची माळ यांत दोरा, गोंडा, मणी असतात. शिवाय जितके सांधे जास्त तितका डाक जास्त, आणि डाक लागला की टंच उतरतो. म्हणून सारख्या वजनाच्या भरीव पाटलीत आणि बोरमाळेत एवढा फरक पडतो.

आता तोच हिशेब नीट मांडू. पाटल्या ४० ग्रॅम, टंच ९१.५, चोख सोनं ३६.६ ग्रॅम. मोहनमाळ ४० ग्रॅम, टंच ८८, चोख ३५.२ ग्रॅम. बोरमाळ चोख १९.२ ग्रॅम. एकूण ९१ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३०.३ ग्रॅम. थोरल्याकडे ६.३ ग्रॅम जास्त गेले, धाकट्याकडे ४.९, आणि बहिणीला ११ ग्रॅमहून जास्त कमी आलं. डाग जिथल्या तिथे ठेवून भावांनी एवढं चोख सोनं बहिणीला दिलं असतं तर काम झालं होतं. त्यासाठी वाटणीच्या दिवशी एक कागद आणि एक तास पुरला असता.

माझी सवय सांगतो. वाटणीआधी प्रत्येक डागासमोर तीन आकडे लिहायचे: काट्यावरचं वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि टंच. निव्वळ वजनाला टंचानं गुणून शंभरानं भागलं की चोख सोनं मिळतं. पुढची सगळी बोलणी त्या शेवटच्या आकड्यावर.

निव्वळ वजन जुन्या पावतीवर असेल तर उत्तम. नसेल तर बोरमाळ अख्खी फोडायची गरज नाही. मी मणी मोजून घेतो, सोनाराकडून दोन मणी सोडवून त्यांची लाख काढायला लावतो, रिकाम्या मण्यांचं वजन करतो आणि एकूण मण्यांनी गुणतो. हा अंदाज असतो, आणि मणी लहानमोठे असतील तर प्रत्येक आकाराचा एकेक घ्यावा लागतो. पण सतरा ग्रॅमची गफलत यात होत नाही. नंतर ते मणी लाख भरून परत ओवता येतात.

टंचाला कॅरेट मीटर लावतात, तेव्हा दोन गोष्टी समजून घ्या. मशीन फक्त वरच्या अगदी पातळ थराचा टंच दाखवतं, आत लाख आहे की सोनं हे त्याला कळत नाही. आणि एका जागी लावून भागत नाही: डागाचा पृष्ठभाग, कडी आणि सांधा अशा तीन जागा घ्यायला सांगा. पाटलीच्या मधोमध ९१.६ आणि सांध्यावर ८५ असं दिसलं म्हणून सोनारानं फसवलं असं नाही, तिथे डाक आहे. मुलामा दिलेला डाग असेल तर आतल्या घासलेल्या बाजूला लावा. आईच्या काळच्या दागिन्यावर हॉलमार्क शोधत बसू नका. सक्ती २०२१ पासूनची, त्याआधीच्या बहुतेक डागांवर तो नसतोच.

"सगळं आटवू आणि तीन समान वळी करू"

हे वाक्य नेहमी धाकटा जावई किंवा पुण्याहून एका दिवसाच्या रजेवर आलेला मुलगा बोलतो. मला याचा राग येतो. आपल्याच विटा-खानापूरकडची माणसं देशभर गलाईच्या भट्ट्या चालवतात, त्यामुळे आटवून अचूक टंच काढणं आपल्याकडे अवघड नाही, हे खरं. पण हिशेबासाठी आटवायची गरजच नाही, तो कागदावर होतो. आईच्या हातातली पाटली एकदा मुशीत गेली की कुणाकडेच राहत नाही, आणि नवी घडवायला घडणावळ परत भरावी लागते. तुटका कानातला डूल, एकटी राहिलेली कुडी, वाकडं वेढं एवढंच आटवायला काढा.

ग्रॅमऐवजी रुपयांत लिहिलेला फरक

दिवाळीत ठरतं, "ताईला एक लाख अकरा हजार देऊ." पैसे मिळतात अक्षय्य तृतीयेला. समजा दिवाळीत चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० होता, म्हणून ११.१ ग्रॅमचे एवढे झाले. तृतीयेला भाव ११,००० झाला तर त्याच पैशांत जेमतेम १० ग्रॅम येतं. भाव उतरला तर भावांना वाटतं आपण जास्त दिले. म्हणून कागदावर ग्रॅमच लिहा आणि ज्या दिवशी पैसे द्याल त्या दिवशीच्या भावानं द्या, किंवा सरळ चोख सोन्याचं नाणं द्या.

भाव कुठला धरायचा यावरही वाद होतो. दुकानातल्या नव्या दागिन्याचा भाव घडणावळ आणि जीएसटीसकट असतो, मोडीच्या भावात दुकानदाराची घट धरलेली असते. भावंडांत मी दोन्ही वापरत नाही. २४ कॅरेटचा त्या दिवसाचा साधा भाव, बस. घडणावळ कुणी मागू लागला तर मी स्पष्ट सांगतो की मोडताना ती कुणालाच मिळत नाही, म्हणून घरातही धरायची नाही.

आधी वजन, मग मन

क्रम नेमका उलटा हवा. एकदा कळलं की पाटल्यांत सोनं जास्त आहे, की सगळ्यांना अचानक पाटल्यांचीच आठवण येते. म्हणून वजनाचा कागद पालथा ठेवून आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगावं: मला कुठला डाग हवा आणि का. साताऱ्याच्या एका घरात थोरल्या मुलानं लाखो रुपयांच्या तोड्यांऐवजी आईची साधी पोत मागितली होती, कारण ताप आला की आई उशाशी बसायची आणि ती पोत त्याच्या गालाला लागायची. वजन आधी वाचलं असतं तर त्याच्या बायकोनं त्याला हे लिहूच दिलं नसतं.

दोघांनी एकच डाग मागितला तर दोघांनी आपापलं कारण मोठ्यानं वाचायचं. निम्म्या वेळा एक जण तिथेच सोडतो. नाहीच सुटला तर घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडून चिठ्ठी उचलायची, आणि ज्याला मिळाला नाही त्याला पुढच्या डागाची पहिली निवड. ज्याच्याकडे मनाचा डाग जातो त्याच्या वाट्यात त्याचं चोख सोनं धरलं जातंच, त्यामुळे कुणी फुकट नेल्याचं दुःख राहत नाही.

"आईनं मला सांगितलं होतं" हा मुद्दा वेगळा. मृत्युपत्र नसेल आणि सगळ्यांनी ते ऐकलेलं नसेल, तर त्यातून त्या डागावर पहिली निवड मिळावी, जास्तीचं सोनं नाही, असं मी नेहमी सुचवतो. आजवर हे कुणालाच फारसं खटकलेलं नाही.

या चुकांना एकेक ओळ पुरे

दहाव्या-तेराव्याला डबा उघडू नका. त्या दिवशी बहीण "मला काही नको" म्हणते ते दुःखानं म्हणते, ती संमती धरू नका.

"तिला लग्नात दिलंय" हे कारण चालत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर १९५६ च्या वारसा कायद्यानं तिच्या सोन्यात मुलगे, मुली आणि नवरा हयात असेल तर तो, यांचा सारखा हक्क असतो. एखादा भाऊ आधी गेला असेल तर त्याच्या मुलांना त्याचा वाटा.

लॉकरवर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो मालक होत नाही, बँकेकडून ताबा घेणारा असतो.

जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला १० ग्रॅमचा; वहीत कुठला आहे ते आधी पाहा. वहीतल्या "दहा तोळ्यां"चे ११६ ग्रॅम धरून, डब्यात १०० निघाले म्हणून वहिनीवर आळ घेणारं घर मी पाहिलं आहे. वडिलांनी दहाच्या तोळ्यानं लिहिलं होतं.

नथीला हा हिशेब लावू नका. जुन्या नथीत किंमत मोत्यांची असते, मोती पारखणाऱ्याकडून वेगळी करून घ्या.

तासगावच्या त्या घरात मी शेवटी दोन्ही भावांना पेढीवर बोलावलं आणि वर मांडलेला हिशेब त्यांच्यासमोर केला. थोरला बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. रक्कम सहा वर्षांपूर्वीच्या भावानं द्यायची की आजच्या, असं धाकट्यानं विचारलं. मी म्हटलं, सोनं कमी गेलंय, तर सोनंच द्या. दोघांनी मिळून ११ ग्रॅमची नाणी घेतली आणि ती घेऊन संध्याकाळीच ताईच्या घरी गेले.