आडलेली गाय: वासरू कधी ओढावं आणि सिझर कधी टाळू नये

गाय आडली की गोठ्यात सगळ्यात आधी दोर येतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला हवा. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात असो की खानापूरच्या जंगलाकडच्या वाडीत, वासरू आत कसं आहे हे न बघता ओढल्यामुळे जेवढी जनावरं वाया जाताना मी पाहिली आहेत, तेवढी उशिरा बोलावल्यामुळेही नाहीत.

हात कधी घालायचा, ते आधी. पाणमोट फुटून दोन तास झाले, कळा चालू आहेत आणि तरी काही दिसत नाही, तर तपासायचं. खूर बाहेर दिसताहेत पण तासभरात पुढे सरकलेले नाहीत, तरीही तपासायचं. पहिलारू कालवडीला थोडा जास्त वेळ लागतो, तिला उगाच छेडू नका. पाणमोट हाताने फोडू नका. तिच्या दाबानेच गर्भाशयाचं तोंड नीट उघडतं. आणि "कळा कमी आहेत, एक इंजेक्शन मारून टाकू" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी विचारा, आत वासरू कसं आहे ते बघितलंस काय? वाट बंद असताना कळा वाढवणारं औषध दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

अंगठी-बांगड्या काढणं, नखं कापणं, साबणाने हात आणि जनावराचा मागचा भाग धुणं, लांब हातमोजा घालणं, हे सांगायची गरज नसावी.

आत हात गेल्यावर काय ओळखायचं

सरळ बाळंतपणात पुढचे दोन पाय आधी येतात, खुरांचे तळवे जमिनीकडे असतात आणि गुडघ्यांवर नाक टेकलेलं असतं. तळवे वर दिसले तर बहुतेक वेळा ते मागचे पाय असतात, पण नेहमी नाही. उलथं पडलेलं वासरूही तसेच पाय दाखवतं. म्हणून खूर बघून ठरवायचं नाही, सांधे हाताळून ठरवायचं. खुरावरचा पहिला सांधा आणि त्याच्या वरचा दुसरा सांधा एकाच बाजूला वाकत असतील तर पाय पुढचा. एक एका बाजूला आणि दुसरा उलट्या बाजूला वाकत असेल, आणि वर टाचेचं टोकदार हाड लागत असेल, तर पाय मागचा. नंतर दोन्ही पाय एकाच वासराचे आहेत ना, हेही पायावरून अंगापर्यंत हात नेऊन बघा. जुळी असली की इथेच घोटाळा होतो.

पुढचे पाय आहेत पण नाक लागत नाही, म्हणजे मान मागे वळलेली आहे. अशा वेळी पाय ओढले की मान आणखी वळते. आधी दोन कळांच्या मधल्या वेळात वासराला आत ढकलून जागा करायची, तोंड तळहाताच्या वाटीत धरायचं म्हणजे दातांनी गर्भाशय चिरत नाही, आणि मग डोकं वाटेवर आणायचं. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर हात काढा, डॉक्टरांना येऊ द्या. नाक आणि खूर एकाच रेषेत असतील तर कोपरं अडकलेली असतात. डोकं थोडं मागे ढकलून एकेक पाय वरच्या दिशेने उचलून ओढला की ती सुटतात. फक्त शेपटी लागली आणि पाय लागलेच नाहीत, तर घरच्यांनी काही करू नये.

म्हशीत आणखी एक गोष्ट बघायचीच. हात आत जाताना वाट सरळ न लागता पिळलेल्या टॉवेलसारख्या वळ्या लागल्या, तर गर्भाशयाला पीळ पडला आहे. म्हैस दिवसभर कळा देते, पाणमोट दिसत नाही, घरचे म्हणतात, "अजून वेळ आहे." वेळ नसतो. पिळाच्या बाजूला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून लोळवली तर पीळ सुटू शकतो, पण हे जाणत्या डॉक्टरांचं काम आहे, आणि दीड दिवसानंतर यश झपाट्याने कमी होतं. पीळ असताना ओढणं म्हणजे गर्भाशय फाडणं.

वासरू जिवंत आहे का, ते खुरांच्या बेचक्यात चिमटा काढून बघा. पाय मागे घेतला, तोंडात घातलेलं बोट चोखलं, किंवा मागच्या पायांनी येत असेल तर गुदद्वाराला बोट लावल्यावर ते आवळलं, तर आहे. हालचाल नाही म्हणजे मेलं असं लगेच ठरवू नका. खूप ओढाताण झालेली वासरं गप्प असतात.

ओढून बाहेर येईल का, हे ओढण्याआधी कसं कळतं

सगळ्यात अवघड जागा ही आहे आणि सुरुवातीच्या काळात मलाही हीच नीट कळत नसे. वासरू सरळ आहे, जिवंत आहे, वाट उघडलेली आहे, तरी ते गाईच्या कटीच्या हाडांतून जाईल का? अंदाजाने "मोठं वाटतंय" किंवा "येईल की" म्हणण्यात अर्थ नाही. चाचणी करायची.

मऊ, उकळलेल्या सुती दोराचा फास प्रत्येक पायाला खुरावरच्या सांध्याच्या वर घाला आणि सांध्याखाली दुसरा अर्धा वेढा द्या, म्हणजे ओढ एकाच जागी पडून हाड मोडत नाही. आत भरपूर वंगण घाला. डॉक्टरांकडचं जेल उत्तम, ते नसेल तर उकळून गार केलेलं शेंगतेल. साबण चुरडून घालू नका, वाट सुजते. मग प्रत्येक दोराला एकच माणूस. कळ आली की दोघांनी ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. कधी एक पाय थोडा पुढे, कधी दुसरा, म्हणजे खांदे एकामागून एक आत शिरतात.

आता बघा. खुरावरचे सांधे योनीच्या ओठांच्या बाहेर तळहाताच्या रुंदीइतके, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर आले, तर खांदे हाडांच्या दारातून पुढे गेलेले आहेत. ओढा, वासरू येईल. ते तिथपर्यंत येत नाहीत, किंवा ओढताच डोकं बाजूला वळतं, किंवा वासराचं कपाळ आणि गाईच्या कटीचं वरचं हाड यांच्यात बोट जात नाही, किंवा दोन्ही पाय एकमेकांवर चढून फुली करतात, तर खांदे रुंद आणि वाट अरुंद आहे. दहा-पंधरा मिनिटं नीट ओढूनही जागचं हललं नाही तर सोडून द्या.

वासरू मागच्या पायांनी येत असेल तर खूण वेगळी. दोघांच्या ओढीने टाचेचे सांधे बाहेर दिसले पाहिजेत. ते दिसेपर्यंत घाई नको, दिसल्यावर मात्र थांबायचं नाही. कारण पुढे नाळ हाडाखाली दाबली जाते आणि डोकं अजून आतच असतं, म्हणून काही मिनिटांत वासरू बाहेर यायला हवं.

दोन माणसं, फार तर तीन. चौथा माणूस नको. बैल, खांबाला बांधलेला कासरा, ट्रॅक्टर, हे तर कधीच नको. जास्त जोराने वासराच्या फासळ्या आणि मांडीचं हाड मोडतं. गाईचं काय होतं ते नंतर दिसतं: गर्भाशयाचं तोंड फाटतं, कटीतली शीर दबते आणि ती मागचे पाय फाकून बसते, उठत नाही.

डोकं बाहेर येईपर्यंत सरळ मागे, किंचित वर ओढा, छाती येताना खाली, गाईच्या पायांकडे. कंबर अडली तर जोर वाढवू नका, थोडं मागे ढकलून वासराला पाव वळसा द्या. त्याची कंबर रुंदीला मोठी असते, गाईची वाट उंचीला. ओढताना गाय उजव्या कुशीवर पडलेली असेल तर बरं.

एक कालवड

निपाणीजवळच्या एका वाडीत होल्स्टिन संकराची पहिलारू कालवड. रात्री नऊला पाणमोट फुटली, अकराला दोन खूर दिसले, तळवे खाली. घरच्या चौघांनी अर्धा तास ओढलं. मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं दारात, जीभ सुजून बाहेर, पण माझं बोट वासराने चोखलं. पाय फुली करून. वंगण घालून एकेका दोराला एकेक माणूस लावला. कळ आली की सांधे ओठांपर्यंत यायचे, त्यापुढे नाही, आणि डोकं उजवीकडे वळायचं. कपाळावर बोट जायला जागा नव्हती.

तात्या म्हणाले, "डॉक्टर, अजून दोन माणसं बोलावतो की. चुलत्याचा ट्रॅक्टर पण हाय."

मी म्हटलं, "तात्या, माणसं वाढवून वाट रुंद होणार नाही. आत्ता दोन्ही जिवंत हायत. अजून तासभर ओढलं तर दोन्ही जातील."

तपासायला दहा मिनिटं लागली, तिथेच सिझर ठरलं. गोठ्यातच, कालवड उभी, डाव्या कुशीवर लिग्नोकेनने भूल. वासरू जिवंत निघालं. जीभ सुजलेली असल्यामुळे पहिला चीक नळीने पाजावा लागला. टाके बाराव्या दिवशी काढले.

सिझर लांबवू नये ते केव्हा

वर सांगितलेली चाचणी फसली. लोळवूनही पीळ सुटला नाही, किंवा सुटला पण तोंड उघडत नाही. गाईच्या कटीचं हाड पूर्वी मोडलेलं आहे. या तिन्ही ठिकाणी "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. वासरू जिवंत असताना आणि गाय उभी असताना केलेलं सिझर चांगलं जमतं. रात्रभर ओढून, वासरू आत मरून फुगल्यावर केलेलं फार वेळा जमत नाही. वासरू मेलेलंच असेल आणि वाट पुरेशी उघडी असेल, तर डॉक्टर ते आतच कापून तुकड्यांनी काढू शकतात, पोट उघडायची गरज पडतेच असं नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे डॉक्टरांना पोचायला वेळ लागतो, म्हणून चाचणी फसायची वाट बघत बसू नका. दोर बांधतानाच फोन करा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे. फोनवर पाणमोट कधी फुटली, किती पाय दिसतात, तळवे वर की खाली, नाक लागतं का, कुणी ओढलं आणि किती वेळ, एवढं सांगा. डॉक्टर त्याप्रमाणे सामान घेऊन येतात. जनावर टेम्पोत घालून तालुक्याला नेणं हा शेवटचा उपाय. धक्क्यांनी पीळ घट्ट होतो, उभी असलेली गाय बसते.

वासरू आलं की नाक-तोंड पुसून छातीवर बसवा, नाळेला आयोडिन, दोन तासांत दोन-तीन लिटर चीक. दुसरं वासरू आहे का, आत कुठे फाटलंय का, ते पुन्हा हात घालून बघा. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना सांगा, दगड बांधून ओढू नका.

पुढच्या वेळी लहान अंगाच्या कालवडीला भरवताना रेतन करणाऱ्याला जर्सीची कांडी मागा. होल्स्टिनच्या वासरापेक्षा जर्सीचं वासरू जन्मताना लहान असतं.