रेंडरिंगचा पीसी घेताय? आधी खोलीचं तापमान मोजा

मागच्या वेळी मी फ्लॅट स्कीमच्या वॉकथ्रूसाठी मशीन बांधलं आणि चुकलो, म्हणून ही यादी. आता मित्राचं मशीन बांधायचंय, त्यालाही हेच सांगितलंय.

सगळ्यात आधी, दुकानात जायच्या आधी, आपला सगळ्यात जड सीन उघडायचा आणि तो किती मेमरी खातो ते बघायचं. ब्लेंडरमध्ये रेंडर चालू असताना वर Peak दिसतं, तो आकडा लिहून ठेवा. अंदाजे हिशोबही सोपा आहे, एक ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. डिस्कवरची जेपीजी ५ एमबीची असली तरी ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ती उघडून बसते. एका मटेरियलला चार मॅप धरले तर जास्तीत जास्त २५६ एमबी, आणि सोफा, फरशी, पडदे, झाडं मिळून ४० मटेरियल झाली की १० जीबी नुसत्या टेक्श्चरमध्ये गेले. माझं कार्ड होतं ८ जीबीचं. स्क्रीनवर System is out of GPU memory आलं आणि सगळं काम सीपीयूवर टाकावं लागलं. दोन ८ जीबीची कार्डं लावली की १६ होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सीनची पूर्ण कॉपी प्रत्येक कार्डात जाते. म्हणून १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० वेगवान असलं तरी माझ्या कामाला १६ जीबीचं ४०६० टीआय बरं, सीन मावला तर वेगाची गोष्ट.

आता मी विसरलो ते. खोलीचं तापमान. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो, म्हणजे खोली १६ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. माझा १६ कोअरचा रायझन ५९५०एक्स डिसेंबरात दुकानात टेस्ट केला, एसी, २४ अंश, कॅबिनेट उघडं, दहा मिनिटं, ७८ अंश. सगळे खूश. घरी कॅबिनेट बंद केलं, पुढे अख्खी काच, त्यात दहा वाढले. मग एप्रिल आला, सिडकोत वरचा मजला, वर स्लॅब, खोलीत ४०. बेरीज करा, १०४ होते, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे. तो बंद पडत नाही, गुपचूप क्लॉक, म्हणजे आपला वेग, कमी करतो. ७५० फ्रेम, चार मिनिटांनी ५० तास लागायला हवे होते, फ्रेम साडेचार मिनिटांवर गेली आणि ५६ तास लागले. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन होतं, बिल्डर समोर बसलेला आणि शेवटच्या फ्रेम निघतच होत्या.

त्यामुळे कॅबिनेट पुढून जाळीचंच घ्या, काचेचं नको, कितीही छान दिसू दे. आत हवा ओढणारे दोन मोठे फॅन पुढे, बाहेर फेकणारा एक मागे. आणि टेस्ट घरी, झाकण लावून, दुपारी, किमान अर्धा तास, HWiNFO64 मध्ये तापमान आणि क्लॉक दोन्ही बघत. क्लॉक उतरत असेल तर बाजूचं झाकण काढा, तापमान आठ-दहा अंश पडलं तर दोष हवा खेळण्याचा आहे, कूलर बदलून पैसे घालवू नका. दुकानातल्या एसीतला आकडा धरू नका, परत सांगतो, खोलीचं तापमान धरा!

मग कोअर. सीन कार्डात मावत असेल तर १६ कोअरची गरज फारशी पडत नाही, १२ कोअरचा रायझन ७९०० घ्या, तो ८८ वॅटच्या आत राहतो, माझा जुना ५९५०एक्स १४२ पर्यंत जायचा, आणि वाचलेले पैसे कॅबिनेट-कूलरला. कोरोना रेंडररवर काम करणाऱ्यांनी हे उलटं करायचं, ते फक्त सीपीयूवर चालतं, तिथे कोअर आधी आणि कार्ड साधं, पण मग कूलिंगचे पैसे अजून वाढवा.

बाकी पटकन. रॅम कार्डाच्या मेमरीच्या दुप्पट तरी, ६४ असेल तर उत्तम. एसएसडी, माहितीच आहे. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा. यूपीएस हवाच, आणि फ्रेम वेगवेगळ्या इमेज म्हणून सेव्ह करा, थेट व्हिडिओ नको, लाइट गेली तर सगळं जातं. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा. आणि साधा थर्मामीटर आणून कॅबिनेटच्या पुढच्या फॅनपाशी टांगा, कूलर निवडायच्या आधी मे महिन्यातल्या दुपारी तीनचा आकडा हातात पाहिजे.