सवलत आधी की जीएसटी आधी? बिल असं तपासा

हॉटेलच्या बिलावर सवलत मिळाली असेल, तर सर्वांत आधी ती टक्क्यांत आहे की ठरावीक रुपयांत, ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

टक्क्यांत असेल तर फार खोलात जायची गरज नाही. जेवण १००० रुपयांचं, सवलत १० टक्के, जीएसटी ५ टक्के असं धरू. आधी सवलत दिली तर ९०० रुपयांवर ४५ रुपये कर, म्हणजे ९४५. आधी कर लावला तर १०५० मधून १०५ वजा, तरीही ९४५. दोन्ही वेळा आपण गुणाकारच करतो आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं.

सवलत रुपयांत असेल तर मात्र क्रम महत्त्वाचा. त्याच जेवणावर २०० रुपयांची सूट घ्या. आधी सूट दिली तर ८०० वर ४० रुपये कर, एकूण ८४०. आधी कर लावून मग सूट दिली तर १०५० वजा २००, म्हणजे ८५०. वरचे १० रुपये हा सवलतीच्या २०० रुपयांवरचा ५ टक्के कर आहे. कराचा दर १८ टक्के असता तर हाच फरक ३६ रुपये झाला असता.

यात बरोबर क्रम कोणता? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर दाखवलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते. म्हणून ८४० बरोबर.

आता आपलं बिल तपासा. सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन ओळींची बेरीज करा आणि तिला २० ने गुणा (दर ५ टक्के असेल तेव्हाच). उत्तर ८०० आलं तर हिशेब ठीक. १००० आलं तर सवलतीच्या रकमेवरही कर लागला आहे; मॅनेजरला बिल दुरुस्त करून मागा. पण सूट हॉटेलने नव्हे, तुमच्या कार्डाच्या बँकेने कॅशबॅक म्हणून दिली असेल, तर तक्रार करू नका. हॉटेलला किंमत पूर्ण मिळालेली असते, त्यामुळे करही पूर्ण रकमेवर लागतो.

कपड्यांच्या बाबतीत टक्क्यांचा नियमही मोडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. कर सोडून २८०० रुपयांच्या कुर्त्यावर १५ टक्के सवलत मिळाली, की किंमत २३८० होते आणि दर ५ टक्क्यांवर उतरतो. द्यायचे २४९९ रुपये. दुकानदाराने आधीच्या किमतीवर १८ टक्के लावून मग सवलत दिली, तर तोच कुर्ता २८०८ रुपये ४० पैशांना पडतो. म्हणून कपड्यांच्या बिलावर रकमेइतकाच कराचा दरही वाचा.